अंगठीच्या आधीची पोकळी

साखरपुड्याची अंगठी करून घ्यायची म्हणून गिऱ्हाईक सोनाराकडे कागद घेऊन येतं. कागदावर वरून पाहिलेली अंगठी असते. मधोमध एक गोल हिरा, त्याला धरणारे चार काटे, आणि दोन्ही बाजूंनी वर चढत येणारी नाजूक पट्टी. चित्र सुरेख असतं, पण अंगठी करायला लागणारी बहुतेक माहिती त्यात नसते. पट्टी बोटाच्या खालच्या बाजूला किती जाड? हिरा बोटापासून किती उंच? त्याचं खालचं टोक बोटाला टोचणार तर नाही? कारागीर पहिल्यांदा कागद बाजूला ठेवतो आणि हे प्रश्न विचारतो.

आपण एकच अंगठी धरून शेवटपर्यंत जाऊ. माप भारतीय १२ नंबर, म्हणजे आतला व्यास १६.५ मिलिमीटर. हिरा गोल, ५ मिलिमीटर व्यासाचा, वजनाला ०.४८ कॅरट. सोनं पिवळं, १८ कॅरटचं. आपल्याकडे दागिना म्हटला की २२ कॅरट डोळ्यांसमोर येतं, पण ते सोनं मऊ असतं. बांगडीला ते चालतं, हिऱ्याला घट्ट पकडून बसायचं काम मिलिमीटरभर जाडीच्या काट्याला करायचं असेल तर चालत नाही. १८ कॅरटमध्ये हजारात ७५० भाग सोनं आणि उरलेले २५० भाग चांदी-तांबं असतं; त्या मिश्रणानेच काट्याला ताठपणा येतो.

साधी वेढणी करायची असती तर यातलं काहीच लागलं नसतं. सोन्याची तार ओढायची, गोल वाकवायची, डाख लावून सांधायची आणि कानस मारायची, की झालं. आपली ठुशी, मोहनमाळ, पाटल्या यांचं कामही पत्रा, तार, ठसा आणि डाख यांच्यावरच चालत आलं आहे. पण जिथे जाडी जागोजागी बदलते, पट्टी वळत वळत काट्यांमध्ये मिसळते, तिथे सोनं ठोकून वाकवण्यापेक्षा वितळवून ओतणं सोयीचं. आणि ओतायचं तर आधी अंगठीच्याच आकाराची पोकळी हवी. पुढच्या कामाचा मोठा भाग ही पोकळी तयार करण्यात जातो. ती करताना एक हिशेब सतत चालू असतो: पुढचा प्रत्येक टप्पा अंगठीतून काहीतरी काढून घेणार आहे, तर ते आत्ताच किती जास्त ठेवायचं.

हा हिशेब नमुन्यापासून सुरू होतो. मुंबईतल्या बहुतेक कारखान्यांत आता नमुना संगणकावर बनतो. नमुना बनवणारा चित्रातल्या पट्टीला जाडी देतो. तयार अंगठीत ती दीड मिलिमीटर हवी असेल तर तो १.७ धरतो, कारण कानस, एमरी आणि पॉलिश मिळून वरचा थर खाणार असतात. काटे हिऱ्याच्या कडेपेक्षा बरेच उंच ठेवतो. जास्तीचा भाग शेवटी कापला जाईल, पण आखूड काटा वाढवता येत नाही. हिऱ्याची जागा तो मुद्दाम किंचित लहान ठेवतो, म्हणजे जडणाऱ्याला तिथे स्वतः खाच कोरायला सोनं मिळतं. शिवाय मेणापासून सोन्यापर्यंत येताना सगळी वस्तूच जराशी आक्रसते, साधारण दीड-दोन टक्के, म्हणून पूर्ण नमुना तेवढ्याने मोठा केला जातो. पडद्यावरची अंगठी पाहिलीत तर ती तुम्हाला थोडी बेढब, जाडजूड वाटेल. गिऱ्हाइकाला ती दाखवताना अनुभवी दुकानदार हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऑर्डर तिथेच रद्द होते.

मग यंत्र मेणात किंवा मेणासारख्या राळेत ती अंगठी थरावर थर देत छापतं. एकेक थर मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या भागाएवढा, त्यामुळे एका खेपेला काही तास लागतात. हाताने कोरणारे कारागीरही आहेत. त्यांच्यासाठी कोरायचं मेण रंगानुसार ओळखलं जातं: हिरवं सगळ्यात कडक, बारीक धारदार कामाचं, निळं मऊ, वाकणारं, जांभळं दोन्हींच्या मधलं. हाताने कोरलेल्या नमुन्यात यंत्राची अचूकता नसते, पण वळणांमध्ये एक सैलपणा असतो, तो पडद्यावर आणणं भल्याभल्यांना जमत नाही.

छापलेला नमुना भिंगाखाली बघितला तर त्यावर थरांच्या रेघा दिसतात. त्या इथेच घासून काढायच्या. मेणावरची रेघ ओल्या फडक्याने मिनिटभरात जाते. ती तशीच राहिली तर सोन्यात हुबेहूब उतरते, आणि मग तिच्यामागे अर्धा तास एमरी फिरवावी लागते, शिवाय सोनं झिजतं ते वेगळंच. कारखान्यात घाई असली की सगळ्यात आधी हीच पायरी कापली जाते, आणि तिचं बिल पॉलिशवाल्याच्या टेबलावर फुटतं.

एकच अंगठी असेल तर हा नमुना थेट ओतकामाला जातो. एकाच घाटाच्या शंभर अंगठ्या हव्या असतील तर आधी चांदीचा नमुना करून तो रबरात दाबून शिजवतात, रबर सुरीने उघडतात आणि त्या साच्यात पुन्हा पुन्हा पातळ मेण भरतात. दागिन्यांसाठी ही रबरी साच्याची रीत रूढ करणाऱ्यांत युंगरसन या गृहस्थाचं नाव येतं. त्याने अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, पण १९४९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. मेणावरून ओतकाम करण्याची मूळ पद्धत सोळाव्या शतकात इटलीतल्या चेलिनी या सोनार-शिल्पकारानेच लिहून ठेवली आहे, हा त्यातला एक मुद्दा होता. आपल्याकडची जुनी साक्ष त्याहून कितीतरी आधीची आहे. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतण्याची सगळी कृतीच सांगितली आहे.

त्यातली एक सूचना आजच्या कारखान्यात रोज वापरली जाते, वापरणाऱ्यांना तिचं वय माहीत नसलं तरी. सोमेश्वर सांगतो, मेण तोलून घ्या. मूर्ती सोन्याची असेल तर मेणाच्या सोळापट सोनं लागेल. आपली मेणाची अंगठी काट्यावर ठेवली की ०.२४ ग्रॅम भरते. १८ कॅरट पिवळं सोनं मेणापेक्षा जवळपास सोळापट जड असतं, म्हणजे ओतलेली अंगठी ३.८४ ग्रॅमची होणार. गिऱ्हाइकाने तीन ग्रॅममध्ये बसवा म्हणून सांगितलं असेल तर ते आत्ता कळतं, आणि आत्ताच मेण आतून खरवडून अंगठी हलकी करता येते. नमुना राळेत छापला असेल तर हा आकडा लागू पडत नाही. राळ मेणापेक्षा जड असते, तिचा गुणक वेगळा घ्यावा लागतो. २२ कॅरटसाठीही तो वाढतो.

आता या अंगठीला मेणाचीच एक दांडी जोडायची. पुढे सोनं याच वाटेने आत येणार. दिसायला हे किरकोळ काम आहे, पण अंगठी चांगली निघणार की सच्छिद्र, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं. वितळलेलं सोनं गोठताना आकारमानाने सुमारे पाच टक्के घटतं. ती तूट कुठून तरी भरून निघायला हवी. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग नंतर. शेवटी गोठणाऱ्या भागाला अजून पातळ असलेलं सोनं शेजारून मिळत राहिलं तर तो भरीव होतो; मिळालं नाही तर त्याच्या पोटात पोकळ्या राहतात. म्हणून दांडी अंगठीच्या सगळ्यात जाड जागी जोडायची आणि तिची स्वतःची जाडीही त्या जागेइतकी किंवा जास्त ठेवायची, म्हणजे ती सर्वांत शेवटी गोठेल आणि तोवर अंगठीला सोनं पाजत राहील. आपल्या अंगठीची पट्टी खाली, तळहाताच्या बाजूला, जाड आहे आणि वर काट्यांकडे निमुळती होते. पण काट्यांच्या बुडाशी, जिथे चारही काटे एकत्र येतात, तिथे पुन्हा सोन्याचा गोळा जमतो. एकच दांडी खाली लावली तर मधली निमुळती पट्टी आधी गोठेल, वरच्या गोळ्याची वाट बंद होईल, आणि छिद्रं नेमकी हिऱ्याखाली पडतील. म्हणून इथे दांडीला दोन फाटे काढून ते दोन्ही खांद्यांवर, गोळ्याच्या जवळ आणून जोडले जातात. नंतर दोन जागा घासाव्या लागतील, हरकत नाही.

अशा तीसेक अंगठ्या एका जाड मेणाच्या खोडाभोवती, तिरप्या वर तोंड करून, चिकटवल्या जातात. कारखान्यात याला ट्री म्हणतात. एका ट्रीवर सगळे नग एकाच कॅरटचे आणि एकाच रंगाचे असावे लागतात, कारण सोनं एकदाच ओतलं जातं. तुमची एकुलती अंगठी आठवडाभर अडून राहते ती बऱ्याचदा यामुळे: तिच्यासोबत झाडावर चढायला १८ कॅरट पिवळ्याचे पुरेसे नग जमलेले नसतात. आपली ट्री तोलली, खालच्या रबरी बैठकीचं वजन वजा केलं, तर मेण ११.२ ग्रॅम भरलं. सोळाने गुणून १७९, आणि वर तोंडाशी साठा राहावा म्हणून वीसेक ग्रॅम जास्त. म्हणजे दोनशे ग्रॅम धातू तोलायचा: दीडशे ग्रॅम शुद्ध सोनं, पंचवीस चांदी, पंचवीस तांबं.

ट्रीवर पोलादी नळकांडं बसवतात आणि त्यात साच्याची पांढरी पूड पाण्यात कालवून ओततात. ही पूड म्हणजे जिप्सम आणि सिलिका यांचं मिश्रण. किलोभर पुडीला साधारण चारशे मिलिलिटर पाणी, तेही मोजून. पाणी जास्त झालं तर साचा ठिसूळ होतो, कमी झालं तर कालवण घट्ट होऊन बारीक कोपऱ्यांत शिरत नाही. कालवल्यापासून ते आळायला लागेपर्यंत हातात नऊ-दहा मिनिटं असतात. तेवढ्यात नळकांडं निर्वात यंत्राखाली ठेवून आतली हवा खेचून घ्यायची. पांढरं कालवण उकळल्यासारखं उसळतं आणि बुडबुडे फुटून जातात. मेणाला चिकटून राहिलेला एखादा बुडबुडा सोन्यात बारीक मण्यासारखा उतरतो. तो पट्टीवर असला तर छाटता येतो. काट्यांच्या बेचक्यात असला तर तिथे कानस पोचत नाही.

साचा दोनेक तास आळू दिल्यावर भट्टीची रात्र सुरू होते. नळकांडं तोंड खाली करून ठेवतात. पहिले काही तास दीडशे अंशांच्या आसपास, म्हणजे ओल निघून जाते आणि मेण वितळून ओघळतं. मग पायरी-पायरीने उष्णता वाढवत ७३० अंश सेल्सियसपर्यंत नेतात आणि तिथे तीनेक तास ठेवतात, म्हणजे छिद्रांमध्ये मुरलेलं उरलंसुरलं मेण जळून त्याचा कोळसासुद्धा उरत नाही. सगळं मिळून बारा तासांचा हा कार्यक्रम. घाई केली तर दोन ठिकाणी फटका बसतो. साच्यातल्या सिलिकाचा एक प्रकार अडीचशे अंशांच्या सुमाराला एकदम फुगतो. तिथून भट्टी धाडकन पुढे नेली तर साच्याला तडे जातात, आणि त्या तड्यांत शिरलेलं सोनं अंगठीवर पातळ पाकळ्यांसारखं उभं राहतं. दुसरा फटका वरच्या टोकाला. तापमान ७३० च्या बरंच वर गेलं, किंवा आत कोळसा उरला, की जिप्सम फुटून गंधकाचा वायू सोडायला लागतं. तो वायू वितळलेल्या सोन्यात शिरतो.

पहाटे भट्टी खाली उतरवतात. आपल्या अंगठीसारख्या मध्यम जाडीच्या कामाला साचा साडेपाचशे अंशांजवळ हवा. फार थंड साच्यात सोनं वाटेतच गोठतं आणि काटे अर्धवट भरतात. फार गरम साच्यात ते हळूहळू गोठतं, दाणा मोठा आणि पृष्ठभाग खरबरीत निघतो. हे मिश्रण सुमारे ८९५ अंशांना पूर्ण वितळतं, पण ओतताना ते हजाराच्या आसपास ठेवतात, म्हणजे निमुळत्या वाटा ओलांडायला उष्णता शिल्लक राहते. हवा लागून तांबं जळू नये म्हणून मुशीवर आरगॉन वायूचं आवरण असतं. साच्याच्या खालून निर्वात पंप ओढ देतो, वरून सोनं सुटतं. सगळं मिळून काही सेकंद. आदल्या दोन दिवसांच्या कामाचा निकाल एवढ्यातच लागतो आणि तरीही तो दिसत नाही, कारण अंगठ्या अजून पांढऱ्या गोळ्याच्या आत असतात.

दहा-पंधरा मिनिटांनी नळकांडं पाण्यात बुडवतात. साचा फसफसत फुटतो आणि काळसर, निस्तेज झाड बाहेर येतं. चिकटून राहिलेला साचा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतात. काही ठिकाणी त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं जातं, आणि ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करणारं आहे. साच्याच्या कोरड्या पुडीतली सिलिकाची धूळही फुप्फुसांना तितकीच वाईट. अंगठीच्या घडणावळीत या दोन्हींची काळजी धरलेली आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

झाडावरून अंगठ्या तोडल्यावर पहिली तपासणी भिंगाखाली होते. छिद्रं दोन तऱ्हेची असतात आणि त्यांचा आकारच त्यांचं कारण सांगतो. गुळगुळीत, गोल आणि सगळीकडे विखुरलेली छिद्रं असतील तर वायू अडकला: भट्टी चुकली किंवा सोनं फार तापलं. वेडीवाकडी, फांद्या फुटल्यासारखी छिद्रं जाड जागी किंवा दांडीच्या तोंडाशी एकत्र जमली असतील तर सोनं आक्रसताना भरपाई मिळाली नाही: दांडीची जागा किंवा जाडी चुकली. पहिला दोष बहुधा अख्ख्या झाडात दिसतो, दुसरा त्याच घाटाच्या नगांत. एखाददुसरं छिद्र लेझरने भरता येतं. आपल्या अंगठीच्या खांद्यावर जाळी दिसली असती तर शहाणा कारागीर ती सरळ मुशीत टाकतो. वरून घासून ती झाकता येते; पण हिरा बसवताना काटा दाबला की तो त्याच जागी मोडतो, किंवा वर्षभराने पॉलिशला आल्यावर झाकलेलं छिद्र उघडं पडतं.

आपली अंगठी ठीक निघाली असं धरू. वजन ३.८४. दांडीच्या खुणा कानसने उतरवायच्या, अंगठी मापाच्या दांड्यावर चढवून गोलाई आणि १२ नंबर जुळवायचा, मग एमरी जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत फिरवायची. प्रत्येक एमरी आधीच्या एमरीच्या ओरखड्यांना आडवी मारतात, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. काट्यांच्या आतल्या बाजूला, हिऱ्याखाली, पॉलिशची मसाला लावलेली दोरी ओढून आत्ताच चमक आणतात. हिरा बसल्यावर तिथे काहीच पोचणार नाही, आणि खालून काळपट दिसणारी जागा हिऱ्यात काळोख बनून वर उमटते. एवढ्या कामाअखेर वजन ३.५८ ग्रॅमवर येतं.

आता जडणारा. हा माणूस कारखान्यात वेगळा असतो. ओतकाम करणारा सहसा हिऱ्याला हात लावत नाही. अंगठी लाखेत किंवा पकडीत घट्ट रुतवून तो आधी हिरा मोजतो, प्रत्येक हिरा. नमुना ५ मिलिमीटरचा म्हणून बनला असला तरी हिरा ४.९५ आहे की ५.०५, यावर खाच कुठे पडेल ते ठरतं. मग हिऱ्याच्या बाजूच्या उताराशी जुळणाऱ्या कोनाच्या बारीक चक्रीने तो चारही काट्यांना आतून खाच पाडतो, काट्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत. जास्त खोल गेली तर काटा कमजोर होतो, उथळ राहिली तर हिरा नुसता टेकलेला राहतो, धरलेला नाही. चारही खाचा एकाच उंचीवर हव्यात. एक जरी खाली गेली तर हिरा तिरका बसतो, आणि तो तिरपेपणा नुसत्या डोळ्यालाही खटकतो.

हिरा खाचांत टिचकन बसला की समोरासमोरचे काटे आळीपाळीने थोडे थोडे आत दाबायचे. एकाच बाजूने जोर दिला तर हिरा सरकतो. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही म्हणून तो फुटत नाही असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या स्फटिकात सहज दुभंगणाऱ्या दिशा असतात आणि त्याची पातळ कड चुकीच्या दाबाखाली टवका उडून जाते. हिऱ्याऐवजी पाचू असता तर जडणाऱ्याने मजुरी वाढवून मागितली असती, आणि ती रास्त असती: पाचूच्या पोटात मुळातच भेगा असतात. शेवटी काट्यांची जास्तीची उंची कापून टोकं गोलसर करायची. परीक्षा सोपी आहे. सुती धागा काट्यांवरून ओढायचा. कुठे अडकला तर ते टोक हिऱ्याला पूर्ण टेकलेलं नाही. उद्या ते स्वेटरमध्ये अडकेल. मग अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारायची. बारीक खुळखुळ ऐकू आली तर हिरा सैल आहे. हे दोन्ही प्रयोग दुकानात काउंटरवर उभं राहून तुम्हीही करू शकता. जुन्या अंगठीवर तर वर्षातून एकदा करावेतच.

पॉलिशला लोक चमक चढवणं समजतात, पण इथे काही चढत नाही, उतरतंच. फिरत्या बफवर आधी कापणारा मसाला, त्याने एमरीचे सूक्ष्म ओरखडे जातात. अंगठी नीट धुऊन मग दुसऱ्या बफवर लाल रूज, म्हणजे अतिशय बारीक लोहभस्म. दोन मसाले मिसळले तर ओरखडे परत येतात, म्हणून बफ वेगळे आणि मधली धुलाई सक्तीची. इथली चूक बहुधा अति उत्साहाची असते. बफवर जास्त वेळ धरलेल्या अंगठीच्या धारा विरतात, काट्यांची टोकं झिजून हिरा पुन्हा सैल होतो, आणि कानस-एमरीत राहून गेलेला खड्डा बुजत नाही, उलट चकचकीत होऊन जास्त दिसतो. शेवटी गरम साबणाच्या पाण्यात ध्वनिलहरींच्या भांड्यात बुडवून, वाफेच्या झोताने हिऱ्यामागचा मसाला काढतात. हिऱ्याला हे चालतं. मोती, ओपल आणि पाचूला चालत नाही, आणि घरी असलं छोटं यंत्र विकत आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. पांढऱ्या सोन्याची अंगठी असती तर तिच्यावर ऱ्होडियमचा पातळ मुलामा आला असता, आणि रोज घातल्यास तो काही काळाने झिजून खालची पिवळसर छटा दिसली असती. पिवळ्याला ती कटकट नाही.

अंगठी आता निव्वळ ३.४६ ग्रॅम सोन्याची आहे. ओतली तेव्हापासून ०.३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दहा टक्के, कमी. यातला बराचसा भाग हरवलेला नसतो. कानसखाली चामड्याची झोळी असते, पॉलिशच्या यंत्राला धूळ ओढणारी पेटी असते, हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत साठवतात. दुकानातला केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी पूर्वीपासून आहेत. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत हा धंदा अजूनही चालतो. जे खरोखर परत येत नाही त्याला घट म्हणतात, आणि बिलात घडणावळीसोबत तुम्ही जे टक्के देता त्यात ती धरलेली असते. म्हणून घट किती लावली हे विचारणं गैर नाही. साध्या वेढणीला आणि ओतलेल्या, जडवलेल्या अंगठीला एकच टक्का लावला असेल तर एकीचा भार दुसरीवर टाकलेला आहे.

बिलात आणखी एक आकडा बघावा. काट्यावर ही अंगठी ३.५६ ग्रॅम दाखवेल, कारण त्यात हिरा आहे. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, ०.४८ कॅरटचे झाले जवळपास ०.१० ग्रॅम. सोन्याचा भाव ३.४६ ग्रॅमवर लागायला हवा. पट्टीच्या आत लेझरने कोरलेली हॉलमार्कची खूण असते: मानक ब्युरोचं चिन्ह, १८ कॅरटचा ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, जो १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला आहे. तो ब्युरोच्या अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. ही खूण सोन्याच्या शुद्धतेची हमी देते. दांडी कुठे जोडली होती, खाच किती खोल पडली, हिऱ्याखाली जाळी आहे की भरीव सोनं, याबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी भिंग मागून घ्यावं आणि अंगठी उलटी करून काट्यांच्या बुडाशी बघावं.